ताप उतरला, नाडी उतरली नाही: एका रुग्णाचे प्रकरण

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळी गंमत आणि सगळी चूक आकड्यांतच होती. त्या रात्री ऑन-कॉल फिजिशियन मी होतो आणि पहिला चुकीचा निर्णय फोनवरून मीच दिला होता.

पार्श्वभूमी

२६ वर्षांचा तरुण. आधीचा कोणताही आजार नाही, रोजचे औषध नाही, आठवड्यातून चार दिवस धावण्याची सवय. तीन दिवसांपासून घसा दुखत होता, अंग ठणकत होते, ताप येत-जात होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आपत्कालीन विभागात आला तो "फार गळून गेल्यासारखं वाटतंय" एवढीच तक्रार घेऊन. छातीत दुखत नव्हते. विचारल्यावर म्हणाला, जिना चढताना दम लागतो, पण तापात लागतोच की.

सिस्टरांनी नोंदवलेले आकडे असे होते: ताप १०३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ३९.४ अंश सेल्सिअस. नाडी १२६, नियमित. रक्तदाब १०८/७०. श्वास मिनिटाला २२. ऑक्सिजन ९७ टक्के. घसा लाल, छाती स्वच्छ, पोट मऊ, मान ताठ नाही, अंगावर पुरळ नाही.

ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने मला फोन केला. तिचे निदान होते विषाणूजन्य ताप आणि थोडे निर्जलीकरण. योजना अशी की पॅरासिटामॉल द्यायचे, अर्धा लिटर सलाईन चढवायचे, तासा-दीड तासाने पाहायचे आणि घरी सोडायचे. मी विचारले, "नाडी १२६ कशी काय?" तिने लगेच हिशेब सांगितला. "सर, दर डिग्रीला दहा ठोके. ताप साडेचार डिग्री वर आहे, म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस ठोके. पंचाहत्तरमध्ये मिळवले की एकशे वीस होतात. सहा ठोके जास्त आहेत, ते डिहायड्रेशनचे असतील." हिशेब सरळ होता, मला पटला. मी म्हटले, "ठीक आहे, सलाईन पूर्ण करा."

अडचण कुठे होती

"दर डिग्रीला दहा ठोके" हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेले आहे. पण ही डिग्री कोणती, हे बहुतेकांनी पाठ केलेले नसते.

शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा नियम फॅरेनहाइटमध्ये येतो: एका अंश फॅरेनहाइटला १० ठोके, म्हणजेच एका अंश सेल्सिअसला १८. संसर्गरोगाचे डॉक्टर तापाच्या मानाने मंद नाडी ओळखण्यासाठी जो तक्ता वापरतात तोही याच चालीचा आहे. त्यात १०२ अंशाला ११० आणि पुढे प्रत्येक अंश फॅरेनहाइटला १० ठोके धरतात. दुसऱ्या बाजूला एकोणिसाव्या शतकातला जर्मन वैद्य कार्ल फॉन लीबरमायस्टर याच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. तो सांगतो, एका अंश सेल्सिअसला साधारण ८ ठोके. पुढे ताप आलेल्या तरुण प्रौढांमध्ये प्रत्यक्ष मोजमाप झाले तेव्हा आकडा साडेआठच्या आसपास आला. लहान मुलांत तो एका अंश सेल्सिअसला साधारण १० येतो, आणि मुळातली नाडी तर वयानुसार बदलत जाते.

म्हणजे दोन नियमांमध्ये दुपटीहून जास्त अंतर आहे. दोन्हींत "दहाच्या आसपास" हा आकडा असल्यामुळे ते एकच वाटतात. थर्मामीटर फॅरेनहाइटमध्ये वाचायचा आणि सेल्सिअसचा नियम लावायचा, किंवा उलट, ही गल्लत फार सहज होते. आमच्याकडे तशी गल्लत झालीसुद्धा नव्हती. निवासी डॉक्टरने फॅरेनहाइटचा ताप घेऊन फॅरेनहाइटचाच नियम लावला होता. पण तो नियम जितका सढळ आहे तितका सढळ आकडा या रुग्णाला लावायला हवा होता का, हा खरा प्रश्न होता.

सेल्सिअसच्या नियमाने पाहू. ३९.४ म्हणजे ३७ च्या वर २.४ अंश. अंशाला ८ ते १० ठोके धरले तर १९ ते २४ ठोक्यांची भर. पंचाहत्तरमध्ये मिळवली तर ९४ ते ९९. या हिशेबाने १२६ ही नाडी सहा नव्हे, जवळजवळ तीस ठोक्यांनी जास्त होती.

आणि पंचाहत्तर तरी कुठून आले? तो सरासरी माणसाचा आकडा आहे. हा रुग्ण धावणारा होता. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात महिनाभराची विश्रांतीची नाडी नोंदवलेली होती: ५८ ते ६२. हे मला दोन तासांनी कळले, कारण आधी कोणी विचारलेच नव्हते. ६० हा पाया धरला तर सढळ नियमानेसुद्धा १०४ च्या वर जायला नको होते आणि लीबरमायस्टरच्या मापाने ८० च्या आसपास. एकाच १२६ चे चार वेगळे अर्थ निघतात. फोनवर मी ऐकला तो त्यांतला सर्वांत दिलासा देणारा होता.

ताप नाडी का वाढवतो, हे इथे थोडक्यात सांगायला हवे, नाहीतर पुढचा निर्णय कळणार नाही. हृदयाची लय ठरवणाऱ्या सायनस नोडच्या पेशी गरम झाल्या की त्या थेट जास्त वेगाने ठोके देऊ लागतात. त्यासाठी मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही. शिवाय दर अंश सेल्सिअसला शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दहाव्या हिश्शाने वाढते, आणि ताप उतरताना त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात. पैकी पहिले कारण तापाला चिकटलेले आहे. ताप गेला की तेही जाते. त्यामुळे ताप खाली आल्यावर नाडीही खाली यायला हवी. ती आली नाही तर नाडी वाढवणारे दुसरे काहीतरी शरीरात आहे, आणि ते तापाने झाकले गेले होते.

दीड तासानंतर

पॅरासिटामॉल दिल्यावर आणि सलाईन संपत आल्यावर सिस्टरांनी पुन्हा आकडे घेतले. ताप ९९.५, म्हणजे ३७.५ सेल्सिअस. नाडी १२०. श्वास २४. रक्तदाब १०२/७६.

निवासी डॉक्टर डिस्चार्जचे कागद लिहीत होती. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, ताप उतरला पण नाडी नाही उतरली. आणि हात गार लागताहेत." तेवढ्यावर मला दुसरा फोन आला आणि मी खाली गेलो.

एका मोजणीचा अर्थ पायाभूत नाडीवर अवलंबून असतो, आणि तो पाया बहुतेक वेळा आपल्याला माहीत नसतो. दोन मोजण्यांमधल्या फरकाला मात्र पाया लागत नाही. रुग्ण स्वतःशीच ताडून पाहता येतो. ताप जवळपास दोन अंश सेल्सिअसने उतरला होता. सेल्सिअसच्या कडक नियमाने नाडी १६ ते १९ ठोक्यांनी उतरायला हवी होती, सढळ नियमाने ३५ ने. उतरली फक्त सहाने. कोणता नियम बरोबर, हा वाद इथे संपतो, कारण दोन्ही नियमांनी उत्तर एकच येते. उलट जो जास्त सढळ नियम आम्हाला सुरुवातीला शांत करून गेला, तोच आता जास्त मोठ्याने ओरडत होता.

दुसरी गोष्ट होती रक्तदाबाची. वरचा आकडा फक्त सहाने घसरला होता, त्यामुळे कोणाचे लक्ष गेले नाही. पण वरच्या-खालच्यातले अंतर ३८ वरून २६ वर आले होते. हे अंतर ढोबळमानाने दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकते त्याच्याशी जोडलेले असते. सलाईन दिल्यावर ते वाढायला हवे, कमी व्हायला नको. आणि ताप उतरलेल्या माणसाचे हात गरम, घामाने ओलसर असतात. याचे गार होते.

विचारात घेतलेले पर्याय

खाली पोहोचल्यावर समोर चार रस्ते होते.

पहिला, काहीच न करणे: काळजीने, दुखण्याने नाडी वाढली असेल म्हणून घरी सोडणे. घबराटीने नाडी खरोखर १२० होऊ शकते. पण घबराट झोपेत राहत नाही. जुने डॉक्टर संधिवाताच्या तापात हृदयाला सूज आहे का हे पाहायला रुग्ण गाढ झोपलेला असताना नाडी मोजत. काळजीची नाडी झोपेत उतरते, सुजलेल्या हृदयाची उतरत नाही. आमच्याकडे झोपेची वाट पाहायला वेळ नव्हता, पण घड्याळ होते. रुग्णाने मोबाइलवर आदल्या रात्रीची नोंद दाखवली. पहाटे तीन ते पाच या वेळेत, झोपेत, नाडी ११२ ते ११८. एरवी त्या वेळेला त्याची नाडी पन्नाशीत असते. पहिला रस्ता तिथेच बंद झाला. घड्याळाच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये हे खरे, पण साठ ठोक्यांचा फरक घड्याळाच्या चुकीने होत नाही.

दुसरा रस्ता, आणखी सलाईन. तापाच्या मानाने नाडी जास्त असण्याचे सर्वांत सामान्य कारण पाणी कमी पडणे हेच आहे, आणि बहुतेक वेळा हाच रस्ता बरोबर असतो. पण याची जीभ ओली होती, दुपारपासून तीनदा लघवी झाली होती, रंग फिका होता. अर्धा लिटर देऊनही नाडी हलली नव्हती आणि श्वास २२ वरून २४ झाला होता. पाणी कमी असलेल्या माणसाला पाणी दिले की त्याचे आकडे सुधारतात. याचे बिघडले होते.

तिसरा रस्ता, सेप्सिस, म्हणजे संसर्गाने सगळ्या शरीराचा तोल बिघडणे. ताप आणि न जुळणारी नाडी एकत्र दिसली की हा विचार आधी यायलाच हवा, कारण इथे तासांना किंमत असते. पण अंग गार, घशाखेरीज शरीरात संसर्गाचे ठिकाण नाही, शुद्ध पूर्ण. यांपैकी एकाही गोष्टीने सेप्सिस नाकारता येत नाही. म्हणून मी तो बाजूला टाकला नाही, त्याला मुदत दिली. रक्ताचे कल्चर लगेच घ्यायचे, रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारे लॅक्टेट पाहायचे, छातीचा एक्स-रे काढायचा, आणि तासाभरात दुसरे कारण सापडले नाही तर अँटिबायोटिक सुरू करायचे. शॉक नसलेल्या, सेप्सिसची फक्त शंका असलेल्या रुग्णात एवढी सवड मिळते. रक्तदाब कोसळला असता तर ती मिळाली नसती.

चौथा, हृदयच आजारी असणे: विषाणूने हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, म्हणजे मायोकार्डायटिस.

बाकीची कारणे भराभर तपासली. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळे करणारे औषध असते आणि ते नाडी वाढवते. त्याने तशी गोळी घेतली होती, पण दहा तासांपूर्वी एकच. दम्याचा पंप नाही. थायरॉइड वाढलेली नाही, हात थरथरत नाहीत. पायाला सूज नाही. डोळ्यांच्या आतल्या कडा लाल, म्हणजे मोठा रक्तक्षय नाही. मॉनिटरवर नाडी ११६ ते १२२ अशी श्वासागणिक थोडी हलत होती. ती १५० वर खिळलेली असती, तसूभरही हलत नसती, तर मी हृदयाच्या लयीचा बिघाड शोधला असता.

काय केले

सलाईन थांबवले. शेवटची शंभरेक मिलिलिटर बाटलीतच राहिली.

मग जे फोनवर होऊ शकत नव्हते ते केले: रुग्णाला तपासले. ४५ अंशांत टेकवून बसवल्यावर मानेतली शीर फुगलेली दिसत होती. पाणी कमी पडलेल्या माणसात ती सपाट असते. डाव्या कुशीवर वळवून हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवला तर दोन ठोक्यांनंतर तिसरा मंद आवाज, घोड्याच्या टापांसारखी लय. तरुण माणसात हा आवाज कधी कधी निरोगीपणीही ऐकू येतो, पण १२० च्या नाडीबरोबर आणि फुगलेल्या शिरेबरोबर नाही. फुफ्फुसांच्या तळाशी बारीक करकर होती. संध्याकाळी छाती स्वच्छ होती, म्हणजे ती करकर बहुधा आमच्या सलाईनचीच देणगी.

ईसीजीत सायनस लय, वेग ११९, आणि डाव्या बाजूच्या लीडमध्ये टी लहरी चपट्या. अगदी साधा, सहज दुर्लक्षित होईल असा ईसीजी. मायोकार्डायटिसमध्ये तो पुष्कळदा असाच असतो, आणि ईसीजी "विशेष काही नाही" म्हणून परत आला की निदान हातचे जाते. लॅक्टेट १.६, म्हणजे ठीक. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारे ट्रोपोनिन वरच्या मर्यादेच्या सुमारे चाळीस पट. हृदयाच्या इकोत डावा कप्पा आकाराने साधारण, पण आकुंचन मंद: इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे कप्प्यातले किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडते ते, ४० टक्के, जे ५५ च्या वर असायला हवे. उजवी बाजू चांगली होती, त्यामुळे फुफ्फुसात गुठळी अडकल्याची शंका मागे पडली.

आता नाडीचे कोडे सुटले. एका मिनिटात शरीराला मिळणारे रक्त म्हणजे एका ठोक्यातले रक्त गुणिले ठोक्यांची संख्या. सुजलेला स्नायू दर ठोक्याला कमी रक्त ढकलतो, म्हणून शरीर ठोके वाढवून भरपाई करते. ताप होता तेव्हा या भरपाईवर तापाचे वीसेक ठोके चढले होते. ताप गेला, पण भरपाईची गरज तशीच राहिली. मग नाडी सहाच ठोक्यांनी का उतरली, वीसने का नाही? माझ्या मते त्याच दीड तासात सलाईनने हृदयावरचा भार वाढवला होता आणि भरपाईची गरजही वाढली होती. तापाने सोडलेले ठोके सलाईनने घेतले. हे सिद्ध करता येणार नाही, पण अरुंद झालेला रक्तदाब आणि वाढलेला श्वास तेच सांगत होते.

यातूनच पुढचा निर्णय निघाला, आणि तो थोडा उलटा वाटतो: नाडी कमी करायची नाही. पहाटे कोणीतरी विचारले की नाडी मंदावणारा बीटा-ब्लॉकर द्यायचा का. ज्या हृदयाचा ठोका लहान झाला आहे त्याचे ठोकेही कमी केले तर मिनिटाचे रक्त आणखी घटते आणि रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो. या टप्प्यावर वेगवान नाडी हा आजार नसतो, आजाराने केलेली सोय असते. रुग्ण स्थिर झाल्यावर, दोन दिवसांनी, ते औषध अगदी लहान मात्रेत सुरू झाले.

त्याला हृदयरोग अतिदक्षता विभागात मॉनिटरवर ठेवले. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि त्या जातीची औषधे मायोकार्डायटिसमध्ये शक्यतो टाळतात. फुफ्फुसातले पाणी उतरवायला फ्युरोसेमाइडची छोटी मात्रा. अँटिबायोटिक दिले नाही, कारण मुदतीच्या आत कारण सापडले होते. कल्चर पुढे निर्जंतुक आले.

परिणाम

दुसऱ्या रात्री मॉनिटरवर खालच्या कप्प्यातून निघालेल्या वेगवान ठोक्यांची सात ठोक्यांची माळ उमटली आणि आपोआप थांबली. रुग्णाला ती जाणवलीही नाही. तो घरी असता तर ती कोणालाच दिसली नसती, आणि पुढची माळ आपोआप थांबली असतीच असे नाही.

तिसऱ्या दिवशी ताप पूर्ण गेला. नाडी १०४. पाचव्या दिवशी ९२. त्याच दिवशी हृदयाचा एमआरआय झाला आणि डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीत, स्नायूच्या वरच्या थरात सूज आणि डाग दिसले. मायोकार्डायटिसची ही नेहमीची जागा. हृदयविकाराच्या झटक्याचा डाग आतल्या थरातून सुरू होतो. नवव्या दिवशी तो घरी गेला तेव्हा इजेक्शन फ्रॅक्शन ४७ होते. तीन महिन्यांनी ५८.

धावणे सहा महिने बंद ठेवले. हे त्याला बाकी सगळ्यापेक्षा जड गेले. भेटायला आला की तो आधी घड्याळ पुढे करायचा. विश्रांतीची नाडी पुन्हा साठीच्या आत यायला सात आठवडे लागले.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

मागे वळून पाहताना तीन जागा दिसतात.

पहिली म्हणजे माझा फोन. "नाडी १२६ कशी काय" हा प्रश्न बरोबर होता, पण उत्तर मिळाल्यावर मी थांबलो. नियमाने उत्तर दिले की प्रश्न मिटला असे आपल्याला वाटते. खरे तर हा नियम नाडीचे कारण सांगत नाही, फक्त नाडी तापाशी सुसंगत आहे एवढेच सांगतो, आणि तेही सरासरी माणसाच्या बाबतीत. मी "एरवी तुमची नाडी किती असते" एवढे विचारायला सांगितले असते तर चित्र संध्याकाळीच पालटले असते. आजकाल पुष्कळ रुग्णांच्या मनगटावर याचे उत्तर असते. नसेल तर जुनी तपासणी, रक्तदानाचे कार्ड, शस्त्रक्रियेपूर्वीचा कागद, काहीतरी सापडते.

दुसरी जागा सलाईनची. ते देण्यात चूक होती असे मी म्हणणार नाही. त्या वेळच्या माहितीवर तो रास्त निर्णय होता आणि दहातल्या बहुतेक रुग्णांना त्याने बरे वाटले असते. चूक ही की त्याआधी मान पाहिली नाही आणि पाय उचलून पाहिले नाहीत. रुग्णाला आडवे करून दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत वर धरले की पायांतले साधारण ३०० मिलिलिटर रक्त मिनिटभरात हृदयाकडे येते. नाडी उतरली, रक्तदाबातले अंतर वाढले तर सलाईनचा उपयोग होईल. श्वास जड झाला तर पाय खाली ठेवायचे, रक्त परत पायांत जाते. बाटलीतले पाणी असे परत घेता येत नाही.

तिसरी जागा सिस्टरांची, आणि ती नशिबाने बरोबर पडली. आमच्या तक्त्यात ताप आणि नाडी वेगवेगळ्या ओळींत लिहितात. दोन्हींची आपापली हद्द असते, पण दोन्ही मिळून काय म्हणतात यासाठी तक्त्यात जागा नाही. १२० ही नाडी संध्याकाळच्या १२६ पेक्षा "सुधारलेली" दिसत होती. त्या सुधारणेला तापाशेजारी ठेवून बघणारी व्यक्ती तिथे होती म्हणून ती खोटी ठरली. यानंतर आम्ही एक छोटा बदल केला: पॅरासिटामॉल दिलेल्या प्रत्येक प्रौढाची दुसरी नोंद करताना ताप किती अंश सेल्सिअसने उतरला आणि नाडी किती ठोक्यांनी उतरली हे एकाच चौकोनात लिहायचे. अंशाला पाचपेक्षा कमी ठोके उतरले आणि नाडी अजून शंभरच्या वर असेल तर रुग्णाला घरी सोडण्याआधी डॉक्टरने पुन्हा तपासायचे. पाच हा आकडा आम्ही आमच्या सोयीने ठरवला आहे, तो कुठल्या पुस्तकातला नाही.

हा हिशेब कुठे फसतो

या तुलनेला काही अटी आहेत. थंडी वाजत असताना मोजलेली जोडी धरू नये. हुडहुडी भरते तेव्हा नाडी आधी पळते आणि ताप मागून चढतो, शिवाय त्वचा आकसलेली असल्याने काखेतला थर्मामीटर खऱ्यापेक्षा बराच कमी दाखवतो. तिथे नाडी नेहमीच जास्त वाटणार. ताप आधी तोंडात आणि नंतर काखेत मोजला तर अर्ध्या अंशाचा खोटा उतार मिळतो आणि सगळा हिशेब बिघडतो. दोन्ही वेळा जागा एकच हवी. नाडी पूर्ण मिनिट मोजावी. पंधरा सेकंदांत दोन ठोक्यांची चूक झाली तर चारने गुणल्यावर आठ होतात, आणि आपण इथे आठ-दहा ठोक्यांवरच बोलतो आहोत.

बीटा-ब्लॉकर घेणारे, पेसमेकर असलेले, एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे नाडी मुळातच अनियमित असलेले रुग्ण, यांना हा नियम लागूच नाही. टायफॉइडसारख्या काही तापांत तर नाडी उलट अपेक्षेपेक्षा मंद राहते. तशा रुग्णात ९६ ही निर्धोक दिसणारी नाडीसुद्धा त्याच्या मानाने जास्त असू शकते. टायफॉइडचा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असताना मंद नाडी अचानक पळू लागली आणि ताप खाली आला, तर आतड्यात रक्तस्राव झाला किंवा आतडे फुटले असे समजून धावावे लागते. तक्त्यावर ताप आणि नाडीच्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात, ताप खाली आणि नाडी वर. आमच्या रुग्णात त्या छेदल्या नाहीत. एक उतरली, दुसरी जवळपास तिथेच राहिली, आणि अशी रेघ नजरेत भरायला जास्त वेळ लागतो.